नंबर नसलेला फोन

कोपरखैरणे स्टेशनच्या बाहेर मोबाइल दुरुस्तीची छोटी दुकानं आहेत. स्क्रीन बदलायला आणि बॅटरी टाकायला येणाऱ्यांच्या रांगेत अधूनमधून एक वेगळंच गिऱ्हाईक उभं असतं. त्याचा फोन ठणठणीत असतो. तक्रार एवढीच, की ‘प्रायव्हेट नंबर’वरून कुणीतरी फोन करतं, तर तो कोण आहे ते काढून द्या. दुकानदार फोन हातात घेतो, कॉलची यादी वरखाली करतो आणि परत देतो. जे फोनपर्यंत पोचलेलंच नाही, ते फोन खोलून सापडायचं कुठून?

नंबर मात्र असतो. तुमच्या फोनमध्ये नसला तरी वाटेत असतो. फोन लावणाऱ्याला बिल लावायचं किंवा त्याचा प्लॅन तपासायचा, तर त्याच्या कंपनीला तो कोण हे माहीत असावंच लागतं. प्रश्न असतो तो हा, की त्या माहितीतलं किती तुमच्या पडद्यापर्यंत येऊ द्यायचं, हे वाटेत कुणी आणि का ठरवलं.

हे उकलायला कोपरखैरणे बरी जागा आहे. सिडकोने वसवलेल्या या नोडमध्ये माथाडी कामगारांच्या लहान घरांच्या ओळी आहेत. वाशीच्या बाजार समितीत पोती वाहून ज्यांनी ती घरं उभी केली, त्यातले कितीतरी सातारा-सांगलीकडचे. त्यांची पुढची पिढी पलीकडे महापेत आयटी कंपन्यांत बसते, आखातात जाते, जहाजावर जाते, अमेरिकेत नर्स होते. म्हणजे एकाच जिन्यावरच्या चार घरांत चार वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या वाटांनी फोन येतात. शिवाय भारतातल्या फोननंबरांच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण ज्या कंपनीच्या नावावर आहे, तिचं मुख्यालय याच कोपरखैरण्यात होतं. त्याकडे पुढे येतोच.

एका नर्सचा फोन

माथाडी वसाहतीतल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. काका कांदा-बटाटा बाजारातून निवृत्त झालेले, मुलगी न्यू जर्सीत रुग्णालयात नर्स. मायलेकींचं बोलणं रोज व्हॉट्सअॅपवरच. पण काकूंचा डेटा संपला किंवा रुग्णालयातलं वाय-फाय रुसलं की मुलगी सरळ साधा फोन लावते. तिकडे रात्रपाळीत एकचा सुमार, इकडे सकाळचे साडेदहा. काकूंच्या फोनवर तेव्हा लिहून यायचं `Private number`. फसवणुकीच्या बातम्या वाचून धास्तावलेल्या काकू तो उचलायच्या नाहीत. मुलगी तिकडे काळजीत, आई इकडे काळजीत.

काकूंचा जावई व्यापारी जहाजावर आहे. तो उपग्रहावरून फोन करतो तेव्हा त्याच पडद्यावर येतं `Unknown`. काकूंच्या दृष्टीने दोन्ही एकच: नंबर नाही. पण या दोन शब्दांत मोठा फरक आहे आणि कोडं तिथेच सुटलं.

फोन लावला की आवाज जाण्याआधी एक छोटा संदेश पुढे धावतो. एका एक्स्चेंजने दुसऱ्याला पाठवलेली ती चिठ्ठी असते. कुणाला फोन हवाय तो नंबर त्यात असतो, कोण करतोय तो नंबर असतो आणि त्या दुसऱ्या नंबराला चिकटवलेली दोन बिटांची एक खूण असते. खूण ००, तर नंबर दाखवा. ०१, तर नंबर आहे पण दाखवू नका. १०, तर नंबर उपलब्धच नाही. मोबाइल आणि लँडलाइनच्या जुन्या जाळ्यात ही खूण अशी चालते. इंटरनेटवरून जाणाऱ्या आवाजी कॉलमध्ये चिठ्ठीची भाषा वेगळी असते, पाठवणाऱ्याच्या जागी चक्क ‘अॅनॉनिमस’ लिहिलेलं असतं, पण अर्थ तोच.

म्हणजे ‘दाखवू नका’ असं म्हटलेल्या कॉलमध्ये नंबर बहुतेक वेळा शेवटच्या एक्स्चेंजपर्यंत चालत येतो. काकूंच्या कंपनीचं यंत्र तो वाचतं, खूण बघतं आणि काकूंच्या फोनला कळवतं: खासगी. आणीबाणीच्या सेवांसाठी ही खूण ओलांडून नंबर बघण्याची सोय मानकांतच ठेवलेली आहे. तुमच्याआमच्यासाठी ती नाही.

काकूंच्या मुलीचा नंबर असा ०१ ची खूण घेऊन येत होता. ती कुणी लावली? तिनेच, आणि मग विसरली. अमेरिकेतले नर्स आणि डॉक्टर कधीकधी स्वतःच्या मोबाइलवरून रुग्णाला फोन करतात आणि आपला नंबर रुग्णाकडे राहू नये म्हणून तो झाकतात. तिकडे ही सोय सर्रास मिळते. एका कॉलपुरता झाकायचा तर नंबरच्या आधी `*67` लावतात, कायमचा झाकायचा तर आयफोनच्या सेटिंगमध्ये `Show My Caller ID` बंद करतात. मुलीने नोकरीच्या पहिल्या वर्षी ते बटण बंद केलं होतं. व्हॉट्सअॅपच्या कॉलला त्या बटणाशी देणंघेणं नसतं, म्हणून कधी लक्षात आलं नाही. साधा फोन लावला, की मात्र रुग्णासाठी घातलेला पडदा आईसमोरही यायचा. ते बटण चालू केलं आणि काकूंच्या पडद्यावर +1 ने सुरू होणारा नंबर दिसू लागला. बटण रुग्णांसाठी बंदच ठेवायचं असेल तर घरच्या फोनआधी `*82` लावला की तेवढ्या कॉलपुरता पडदा उघडतो.

जावयाच्या फोनला असा इलाज नाही. जहाजावरचा कॉल उपग्रह कंपनीकडून, तिथून एखाद्या घाऊक विक्रेत्याकडून, मग आणखी एकाकडून फिरत येतो. इनमारसॅटचे स्वतःचे नंबर +870 ने सुरू होतात आणि काही वेळा तसे दिसतातही. पण खलाशांना मिळणाऱ्या स्वस्त कॉलिंग कार्डांमध्ये मधला एखादा दुवा नंबर पुढे देतच नाही. त्याने लपवलेला नसतो, वाटेत गळलेला असतो. म्हणून पडद्यावर `Unknown`.

आयफोनवर हाच फरक `No Caller ID` आणि `Unknown` या शब्दांनी दिसतो. पहिल्यात कुणीतरी ठरवून झाकलंय, दुसऱ्यात माहिती आलीच नाही. नियम म्हणून हे बरोबर आहे, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. काही अँड्रॉइड फोन दोन्हीला एकच शब्द वापरतात. दोन देशांतल्या कंपन्यांमध्ये तसा करार नसेल, तर झाकलेला नंबर सीमेवरच काढून टाकला जातो आणि ‘झाकलेला’ होता तो ‘नसलेला’ होऊन पोचतो. गंमत म्हणजे या मानकांत नंबर न दिसण्याचं आणखी एक कारण लिहून ठेवलंय: सार्वजनिक फोन. आपल्याकडचे पिवळे पीसीओ गेले, पण प्रत्येक स्मार्टफोनच्या पोटात त्यांच्यासाठीची ती जागा अजून आहे.

भारतात नंबर झाकणं सोपं नाही

अमेरिकेत `*67`, ब्रिटनमध्ये `141`, आणि भारतात? जगभरच्या जीएसएम फोनांमध्ये नंबरच्या आधी `#31#` लावून नंबर झाकण्याची सोय असते. युट्यूबवर त्याचे मराठी व्हिडिओही आहेत. करून बघितलंत तर एकतर कॉल लागत नाही किंवा तुमचा नंबर समोरच्याला तसाच्या तसा दिसतो. फोन विनंती करतो, पण तुमच्या कंपनीने तुम्हाला ती सेवा दिलेलीच नसते.

आणि ती सहज देता येत नाही. नंबर झाकण्याच्या सेवेला आपल्या दूरसंचार परवान्यांत सीएलआयआर म्हणतात आणि तिच्याभोवती कुंपण आहे. कॉल सेंटर, टेलिमार्केटिंगवाले आणि ठोक जोडण्या घेणारे यांना ती द्यायचीच नाही. ज्यांना दिली, त्यांची नावं आणि संपर्क सुरक्षा यंत्रणांना पाहता येईल अशा पासवर्डबंद यादीत ठेवायचे. त्यामुळे भारतात खरोखर झाकलेला नंबर वापरणारी मंडळी म्हणजे सुरक्षा यंत्रणांतले लोक, काही वरिष्ठ अधिकारी आणि पडताळणी होऊन परवानगी मिळालेले मोजके ग्राहक.

यातून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. तुमच्यावर राग असलेला शेजारी, जुना मित्र, वसुलीवाला किंवा सेक्टरमधला टवाळ पोरगा स्वतःच्या भारतीय सिमवरून तुम्हाला ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणून फोन करू शकण्याची शक्यता फार कमी. नंबर नसलेला कॉल आला तर तो बहुधा देशाबाहेरून किंवा इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेतून आलेला असतो. तिकडचा मनुष्य ओळखीचा असू शकतो, पण वाट बाहेरची असते.

दुसरा निष्कर्ष बँकांबद्दल. ग्राहकाला व्यवहाराविषयी किंवा सेवेविषयी करायचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि जाहिरातीचे १४० वरून करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं. म्हणजे नंबरच नसलेल्या फोनवरून कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला, तर पुढचं वाक्य ऐकायचीही गरज नाही.

कोपरखैरण्यातलं प्रकरण

ठाणे–बेलापूर रस्त्याने जाताना दिसणारी भव्य वसाहत एके काळी धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी म्हणून ओळखली जायची. रिलायन्स इन्फोकॉमचा कारभार इथून चाले, देशभरच्या तिच्या जाळ्यावर नजर ठेवणारं केंद्र इथेच होतं. २००३ च्या ‘मान्सून हंगामा’त ५०१ रुपयांत फोन हातात ठेवणारी हीच ती कंपनी.

२००४ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलने तक्रार केली, की परदेशातून येणारे कॉल रिलायन्सच्या जाळ्यातून आमच्याकडे येतात तेव्हा त्यांच्यावर भारतातलेच नंबर असतात. म्हणजे आयएसडी कॉल लोकलच्या वेशात उतरतो. यात पैसा कुठे होता? त्या काळी ग्रामीण टेलिफोन परवडावा म्हणून ‘अॅक्सेस डेफिसिट चार्ज’ नावाचा आकार होता. फेब्रुवारी २००४ पासून तो परदेशातून येणाऱ्या कॉलवर मिनिटाला ४ रुपये २५ पैसे आणि लोकल कॉलवर काही पैसे असा होता. नंबर बदलला की प्रत्येक मिनिटामागे चार रुपयांच्या आसपास वाचत. कंपनीचं म्हणणं, ही आमची ‘होम कंट्री डायरेक्ट’ पद्धतीची सेवा आहे आणि नियमात बसते. दूरसंचार विभागाला ते पटलं नाही, त्याने कंपनीला १५० कोटींचा दंड लावला. वाद न्यायाधिकरणापर्यंत गेला.

तेव्हाच्या ग्राहकाला यातलं काही कळलं नव्हतं. त्याच्या पडद्यावर एक व्यवस्थित भारतीय नंबर होता आणि पलीकडून शिकागोतला भाऊ बोलत होता. उलट त्याला आनंदच झाला असेल. मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो. इतक्या मोठ्या व्यवहारात फोन उचलणाऱ्याला संशय यावा असं पडद्यावर काहीच नव्हतं, कारण नंबर झाकला नव्हता, बदलला होता.

अॅक्सेस डेफिसिट चार्ज २००८ मध्ये संपला, पण परदेशी आणि देशी कॉलमधला फरक उरलाच. देशांतर्गत मोबाइल कॉल उतरवून घेण्याचा आकार २०२१ पासून शून्य आहे. परदेशी कॉल उतरवण्यासाठी मात्र मे २०२० पासून मिनिटाला ३५ ते ६५ पैसे असा पट्टा आहे. हे पैसे चुकवणारी आजची पद्धत अधिक स्वस्त आहे: सिमबॉक्स. एक पेटी, तिच्यात डझनांनी सिमकार्डं, मागे इंटरनेट. दुबईहून निघालेला कॉल इंटरनेटने त्या पेटीत येतो आणि पेटीतल्या एखाद्या सिमवरून साध्या लोकल कॉलसारखा तुमच्याकडे जातो. अनलिमिटेड प्लॅन असल्यामुळे त्या कॉलला खर्च जवळपास नाही. महाराष्ट्राच्या एटीएसने २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यात असे बेकायदा एक्स्चेंज पकडले. २०२४ मध्ये पुण्यात कोंढव्यात पकडलेल्या एक्स्चेंजमध्ये तीन हजारांवर सिमकार्डं सापडली.

आखातात माणूस असलेल्या घरांना हा अनुभव पाठ आहे. भाऊ मस्कतहून बोलतोय, पण नंबर कुठलातरी अनोळखी भारतीय मोबाइलचा. परत त्या नंबरवर लावला तर लागत नाही किंवा भलताच कुणी उचलतो. हीच त्याची ओळख. भावाने गुन्हा केलेला नसतो, त्याने फक्त स्वस्त अॅप घेतलेलं असतं. पण त्याच पेटीतून दुसऱ्या मिनिटाला खंडणीचा फोनही जाऊ शकतो आणि तपास करणारा पोलीस त्या सिमच्या बनावट मालकापाशी येऊन थांबतो.

याहून पुढची पायरी म्हणजे पेटीही न लावता परदेशातूनच कॉलच्या चिठ्ठीत भारतीय नंबर लिहून पाठवणं. ते अडवण्यासाठी दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी एक यंत्रणा सुरू केली. तिची कल्पना साधी आहे. परदेशी गेटवेवर +91 चा नंबर घेऊन कॉल आला, तर हा नंबर खरोखर परदेशात रोमिंगवर आहे का, ते बघायचं. नसेल तर कॉल खोटा, तिथेच तोडायचा. पहिल्या चोवीस तासांत १ कोटी ३५ लाख कॉल असे सापडले. परदेशातून भारतीय नंबर घेऊन येणाऱ्या कॉलमधले ते सुमारे ९० टक्के होते.

म्हणून माझं मत काकूंच्या धास्तीच्या नेमकं उलट आहे. फसवणाऱ्याला तुम्ही फोन उचलावा असं वाटतं आणि नंबर नसलेला फोन लोक उचलत नाहीत, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ‘मुंबई कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा पूर्ण दहा आकडी नंबर घेऊन येतो आणि पाच मिनिटांत तुम्हाला व्हिडिओ कॉलवर नेतो. नंबर नसणं हा सावध होण्याचा इशारा आहेच. पण नंबर दिसला म्हणून सैल पडणं जास्त महागात पडतं.

उचलायचा की नाही

घरातलं कुणी परदेशात किंवा जहाजावर असेल, रुग्णालयात असेल, तर उचला. उचलल्याने फोन ‘हॅक’ होत नाही, ती अफवा आहे. आवाजी कॉल स्वीकारल्याने पलीकडच्याला एवढंच कळतं, की हा नंबर चालू आहे आणि इथे माणूस उत्तर देतो. नको असलेले कॉल वाढायला तेवढंही पुरतं, म्हणून कुणाची वाट बघत नसाल तर वाजू द्या. ज्याचं खरं काम आहे तो मेसेज टाकतो किंवा दुसऱ्या वाटेने गाठतो. मिस्ड कॉल देऊन महागड्या परदेशी नंबरवर परत फोन करायला लावण्याचा जो धंदा आहे, तो इथे चालतच नाही. परत फोन करायला नंबरच नसतो.

उचललात तर आधी स्वतः बोलू नका. नाव, घर, कोण घरात आहे, यातलं काही आपण होऊन सांगायचं नाही. काकूंकडे आता साधी रीत आहे: पलीकडून ‘आई’ किंवा ‘मामी’ ऐकू आलं तरी त्या गावाकडच्या एखाद्या नात्याची चौकशी करतात. पाटण तालुक्यातली धाकटी आत्या कशी आहे, हे मुलगी-जावयाशिवाय कुणाला सांगता येणार नाही. पोलीस, कस्टम्स किंवा आयकर म्हणून फोन असेल तर नाव, हुद्दा आणि ठाणं विचारून ठेवून द्यायचा. मग त्या ठाण्याचा नंबर आपण स्वतः शोधून तिकडे फोन लावायचा. पलीकडच्याने दिलेल्या नंबरवर लावायचा नाही, कारण तोही त्याचाच असतो.

फोनमध्येच असे कॉल बंद करता येतात, पण बटणं नीट वाचा. गुगलच्या फोन अॅपमध्ये `Settings`, मग `Blocked numbers`, तिथे `Unknown` नावाचं बटण आहे. ते नंबर न दाखवणाऱ्यांनाच अडवतं. तुमच्या यादीत नसलेले पण नंबर दाखवणारे कॉल येत राहतात. आयफोनवरचं अनोळखी कॉल गप्प करण्याचं बटण मात्र तुमच्या यादीत नसलेल्या जवळपास सगळ्यांनाच गप्प करतं. त्यात झाकलेला नंबर येतो, तसा शाळेचा शिपाई, गॅसवाला आणि रिक्षा अपघातात सापडलेल्या मुलासाठी अनोळखी माणसाने केलेला फोनही येतो. काकूंना त्यांच्या भाच्याने दुसऱ्या प्रकारचं बटण चालू करून दिलं होतं आणि त्या आठवड्यात बँकेच्या शाखेतून, रेशनिंगमधून येणारे सगळेच फोन मुके झाले. ज्याच्या घरी जहाजावरचा माणूस आहे त्याने पहिलं बटणही लावू नये.

नंबर ‘उघडून देणाऱ्या’ अॅपच्या नादाला लागू नका. ट्रूकॉलरसारखं अॅप नंबरावरून नाव शोधतं. नंबर फोनपर्यंत आलाच नसेल तर त्याच्याकडे शोधायला काही नसतं. अमेरिकेत झाकलेला नंबर दाखवणाऱ्या सेवा आहेत, पण त्या वेगळ्या युक्तीवर चालतात. कॉल एका टोल-फ्री नंबरवर वळवला जातो. टोल-फ्रीचे पैसे उचलणारा भरतो, म्हणून बिलासाठी त्याला करणाऱ्याचा नंबर मिळतो, खूण काही असो. भारतीय ग्राहकासाठी अशी उघड सेवा नाही. जे अॅप इथे तसं वचन देतं, ते तुमची संपर्कयादी आणि मेसेज वाचण्याची परवानगी मागतं, आणि मग ओटीपीही वाचतं. तसंच ‘हे कॉल थांबवायला हा कोड दाबा’ म्हणून `*401*` ने सुरू होणारा कोड कुणी सांगितला तर दाबू नका. तो कॉल दुसऱ्याकडे वळवण्याचा कोड आहे. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून कोडने कॉल वळवण्याची सोय बंद करायला लावली.

नंबर न दाखवणारा आंतरराष्ट्रीय कॉल, किंवा आवाज परदेशातला आणि नंबर भारतीय, असा काही संशय आला तर त्यासाठी स्वतंत्र क्रमांक आहे: १९६३, किंवा टोल-फ्री १८००-११०-४२०. फार थोड्यांना तो माहीत आहे. तिथे तारीख, वेळ आणि तुमचा नंबर दिला की तुमच्या कंपनीला कॉल कुठल्या गेटवेतून आणि कुठल्या वाटेने आला ते मागे जाऊन शोधता येतं. सिमबॉक्सचे अड्डे सापडण्याची सुरुवात अशा तक्रारींतून होऊ शकते. संचार साथी पोर्टलवर आणि अॅपवरही ही तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर हा मार्ग नाही, तेव्हा तत्काळ १९३० वर फोन लावायचा. महाराष्ट्र सायबरचा १९४५ हाही क्रमांक आहे, आणि त्याचं मुख्यालय कोपरखैरण्याच्या शेजारी, महापेत आहे.

रोज रात्री दोन वाजता

शेवटचा प्रकार सर्वांत त्रासाचा. फसवणूक नाही, पैसे मागत नाही. रात्री फोन येतो, कुणी बोलत नाही किंवा शिव्या देतं, धमकी देतं. बाईला असे फोन येत असतील तर घरचे आधी तिलाच विचारतात, ‘तुला कोण करतंय?’ तिला तरी कसं माहीत असणार! पडद्यावर काही नाही, हेच तर दुखणं आहे.

इथे ग्राहक म्हणून कंपनीकडे जाऊन उपयोग नाही. कंपनीच्या दुकानातली मुलगी नंबर सांगणार नाही आणि तिने सांगूही नये, कारण तोच नियम उद्या तुमच्या नंबरचं रक्षण करतो. नंबर मिळतो तो पोलिसांना. कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, २०२१ पर्यंत ही मुदत एक वर्ष होती. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली की वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे मागणी जाते आणि तुमच्या नंबरवर आलेल्या कॉलची नोंद मिळते. त्यात झाकलेला नंबर झाकलेला नसतो.

ही मागणी नेमकी होण्यासाठी तुम्ही वेळ नेमकी दिली पाहिजे. ‘रात्री फोन येतात’ याने काही होत नाही. ‘१४ तारखेला २ वाजून ७ मिनिटांनी, चाळीस सेकंद’ याने होतं, कारण नोंदींमध्ये शोधायला नंबर नसताना वेळ हाच धागा असतो. कॉलची यादी पुसू नका, तिचे स्क्रीनशॉट काढा. आवाज ओळखीचा वाटला का, मागे रेल्वेची घोषणा किंवा टीव्ही ऐकू आला का, बोली कुठली होती, हेही लिहून ठेवा. फोनमध्ये ब्लॉक लावण्याआधी हे करा, कारण काही फोन अडवलेल्या कॉलची नोंद यादीत दाखवत नाहीत.

भारतीय न्याय संहितेत निनावी मार्गाने, किंवा आपली ओळख लपवून दिलेल्या धमकीला कलम ३५१(४) आहे. साध्या धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे नंबर झाकून धमकी देणाऱ्याला कायदा अधिक कडक आहे. नंबर किंवा ओळखखुणांशी छेडछाड करणाऱ्यांसाठी २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

मर्यादाही सांगायला हवी. कॉल भारतातल्या सिमवरून झाकून आला असेल तर तपास लवकर लागतो. परदेशातून, झाकलेला नंबर सीमेवर काढून टाकून आला असेल, तर भारतीय नोंदीत फक्त गेटवे आणि आधीच्या परदेशी कंपनीचं नाव मिळतं. तिथून पुढे एकेका कंपनीला विचारत मागे जावं लागतं, आणि मधला एखादा दुवा कागदावरची कंपनी निघाला तर माग तिथेच तुटतो. तरीही तक्रार करावी. अशा छळामागे बहुतेक वेळा ओळखीचाच कुणी असतो आणि तो रोज सारख्याच काळजीने वागत नाही. एखाद्या रात्री अॅपचे पैसे संपतात आणि कॉल साध्या सिमवरून लागतो. पोलिसांकडे आधीच्या रात्रींच्या वेळा लिहिलेल्या असतील, तर त्या एका नंबरशी त्या जुळवून बघता येतात.